व्याजदर कमी, तरी हप्ता जास्त? दोन सँक्शन लेटर घेऊन बसलोय, मदत करा

कळव्याचा_कारकून · शुक्रवार, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. कळव्याचं वन आरके आता चार माणसांना पुरत नाही, म्हणून मानपाड्याला एक रीसेल टू बीएचके ठरवलंय. टोकन देऊन झालं. कर्ज हवंय ४८ लाख, मुदत २० वर्षं, सहकर्जदार बायको. दोन सँक्शन लेटर हातात आहेत आणि दोन्ही वाचून डोकं गरगरलंय.

पहिलं एका बँकेचं. दर ७.६० टक्के, खाली लिहिलंय 'रेपो ५.२५ अधिक स्प्रेड २.३५, दर तीन महिन्यांनी रीसेट'. प्रोसेसिंग फी १० हजार अधिक जीएसटी. हप्ता ३८,९६३.

दुसरं एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं. दर ७.३५ टक्के. वरच्या चौकटीत योजनेचं नाव 'व्हेरिएबल रेट होम लोन'. फी अर्धा टक्का अधिक जीएसटी. हप्ता मात्र ३९,२८१!

पाव टक्का दर कमी आणि हप्ता तीनशे रुपयांनी जास्त, हे कसं? मुदत तीच, २४० महिने. कंपनीचा माणूस म्हणतो, "सर, सिस्टीम जनरेटेड आहे." आणि सोमवारपर्यंत सही हवीय, नाहीतर म्हणे ही ऑफर गेली.

अजून एक. दिवाळीच्या सुमारास कळव्याची खोली विकणार आहे, भाडेकरूचा करार तोवर संपतो. त्यातले १५ लाख एकरकमी कर्जात भरायचेत. जाणकारांनी दोन्हीत काय बघावं ते सांगा.

---

ऐरोली_एक्सप्रेस · शुक्रवार, रात्री ११:०५

दादा, प्रीपेमेंटची काळजीच सोडा. आरबीआयनं १ जानेवारी २०२६ पासून सगळ्या घरकर्जांवरचा प्रीपेमेंट दंड बंद केलाय. बँक असो की कंपनी, एक पैसा घेऊ शकत नाहीत. दर कमी तिकडे जा, १५ लाख भरा, मोकळे व्हा. हप्त्याचा फरक राउंडिंगचा असेल.

---

वाचनमात्र · शुक्रवार, रात्री ११:१२

तीनशे रुपयांचं राउंडिंग? मग आमच्या वाण्याकडे पण हेच सॉफ्टवेअर दिसतंय.

---

कामोठेकरीण · शनिवार, सकाळी ७:५०

सिडकोची एनओसी घेतली का आधी? ते पहिलं बघा. आमच्या वेळी तारण ठेवायला सिडकोचं ना-हरकत पत्र येईपर्यंत बँकेनं चेकच काढला नाही. विकणारे रोज फोन करायचे, शेवटी यजमानांनी फोन उचलणंच बंद केलं. सँक्शन लेटरच्या शेवटच्या पानावर अटी असतात त्यात ते असतं. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

---

कळव्याचा_कारकून · शनिवार, सकाळी ८:२०

ताई, मानपाडा ठाण्यात आलं, सिडकोची लीज इथे नाही. पण शेवटच्या पानाचं बरं सांगितलंत, मी तिथवर पोचलोच नव्हतो.

---

जुनी_फाईल · शनिवार, सकाळी ९:३५

वाशीला एका बँकेच्या कर्ज विभागात बावीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. कारकूनदादा, हप्ता आणि मुदत दिली असेल तर मूळ रक्कम उलट काढता येते. ७.३५ ने ४८ लाखांचा २० वर्षांचा हप्ता ३८,२३० च्या आसपास येतो. तुमचा ३९,२८१ आहे. म्हणजे त्यांनी मुद्दल ४८ लाख धरलेलं नाही. माझ्या हिशोबानं ते ४९ लाख ३२ हजारांच्या जवळ आहे. पत्रात 'सँक्शन्ड अमाउंट' किंवा 'टोटल लोन अमाउंट' समोर काय लिहिलंय ते बघा. आणि १ लाख ३२ हजारांचा आकडा कुठे दिसतो का ते शोधा, बहुतेक विमा असेल.

दुसरं. पत्रासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचे दोन-तीन कागद आहेत का? ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना ते सक्तीचं आहे. लोक तो जाहिरातीचा कागद समजून मागे सारतात, पण माझ्या मते सँक्शन लेटरच्या आधी तोच वाचावा. त्यात व्याजदराच्या ओळीत प्रकार लिहावा लागतो: फिक्स्ड, फ्लोटिंग की हायब्रिड. तिथला शब्द जसाच्या तसा इथे टाका.

---

कळव्याचा_कारकून · शनिवार, सकाळी ११:१५

काकू, तुम्ही तर न बघता सांगितलंत! चौथ्या पानावर: 'लोन अमाउंट ४८,००,०००, क्रेडिट लाइफ प्रीमियम १,३२,०००, टोटल ४९,३२,०००.' विम्याबद्दल फोनवर एक शब्द नव्हता. फॉर्मवर टिक केलेली आहे, पण ती मी केलेली नाही, पेनसुद्धा वेगळं आहे.

आणि व्याजदराचा प्रकार: हायब्रिड. वर योजनेचं नाव 'व्हेरिएबल' आणि इथे हायब्रिड. खाली बारीक अक्षरात: 'पहिले ३६ महिने ७.३५ टक्के स्थिर, त्यानंतर कंपनीचा पीएलआर वजा ५.४०. आजचा पीएलआर १४.१०.'

प्रीपेमेंटच्या ओळीत: 'स्थिर दराच्या काळात, अंशतः वा पूर्ण, भरलेल्या रकमेच्या २ टक्के अधिक जीएसटी. फ्लोटिंग काळात शून्य.'

---

जुनी_फाईल · शनिवार, दुपारी १२:३०

आता चित्र स्पष्ट झालं.

आधी एक्सप्रेस यांच्याबद्दल. तुमची तारीख बरोबर आहे. पण तो नियम फ्लोटिंग दराच्या कर्जांचा आहे. व्यक्तीनं धंद्यासाठी न घेतलेलं कर्ज असेल तर बँक असो की फायनान्स कंपनी, दंड नाही. पैसे कुठून आणले हे विचारायचं नाही आणि 'अमुक महिने थांबा' असंही म्हणायचं नाही. एवढं सगळं खरं. पण काही काळ स्थिर आणि मग फ्लोटिंग असं कर्ज असेल, तर तुम्ही पैसे भरता त्या दिवशी कर्ज कोणत्या दरावर आहे ते बघतात. दिवाळीला कारकूनदादा दहाव्या-अकराव्या महिन्यात असतील, म्हणजे स्थिर काळात. तेव्हा हा दंड त्यांना लागू शकतो, आणि पत्रात तसं लिहिलेलंही आहे. १५ लाखांचे २ टक्के ३० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ३५,४००. बँकेच्या कर्जात हेच शून्य.

आता चौथं वर्ष. पीएलआर म्हणजे कंपनीनं स्वतः ठरवलेला मूळ दर. १४.१० वजा ५.४० म्हणजे ८.७०. आजचा पीएलआर जागचा हलला नाही, तरी ३७ व्या महिन्यात तुमचा दर ७.३५ वरून ८.७० वर जातो. मधे काही भरलं नाही असं धरलं तर तेव्हा मुद्दल ४५ लाख ६८ हजारांच्या आसपास उरेल, आणि उरलेल्या १७ वर्षांचा हप्ता साधारण ४२,९६० होईल. म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांहून जास्त वाढ, आणि ती कोणीही दर न वाढवता.

फोनवर '७.३५' म्हणाले ते खोटं नाही. फक्त ते तीन वर्षांचं खरं आहे.

---

दीडशहाणा · शनिवार, दुपारी १:१०

काकू एकतर्फी बोलतायत असं वाटतं. तीन वर्षं दर पक्का ही किंमत असलेली गोष्ट आहे. २०२२ मध्ये मे ते डिसेंबर रेपो ४ वरून ६.२५ वर गेला, फेब्रुवारी २०२३ ला ६.५०. माझा तेव्हा रेपोचाच फ्लोटिंग होता, मुदत बघता बघता ६० च्या पुढे, निवृत्तीच्याही पलीकडे गेली. त्या काळात फिक्स्डवाले घोरत होते. रेपो आज ५.२५ आहे, खाली किती जाणार अजून?

---

जुनी_फाईल · शनिवार, दुपारी १:५५

मुद्दा मान्य आहे. ज्याला तीन वर्षांत जादा काही भरायचं नाही आणि ज्याचा पगार हप्त्याला काठोकाठ आहे, त्याला स्थिर दर सोयीचा पडू शकतो. पण इथे १५ लाख दिवाळीला यायचेत.

मुदत वाढण्याचं म्हणाल तर ऑगस्ट २०२३ मध्ये आरबीआयनं सांगितलंय की रीसेटच्या वेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा. आपण गप्प बसलो की बहुतेक ठिकाणी मुदतच वाढते. बँकेच्या पत्रात ते कलम कसं लिहिलंय तेही वाचा.

---

सुलभा_घणसोली · शनिवार, दुपारी ३:२०

विमा काढून टाका असं सगळे म्हणतील म्हणून लिहिते. माझ्या मेहुण्यांनी असाच विमा कर्जातच घेतला होता, सगळे हसले होते. अडीच वर्षांत ते गेले. बहिणीच्या डोक्यावरचं कर्ज त्यातून फिटलं, घर राहिलं. १ लाख ३२ हजार फुकट जातात असं सरसकट म्हणू नका.

---

कळव्याचा_कारकून · शनिवार, दुपारी ४:०५

सुलभाताई, वाचून वाईट वाटलं. मला विम्याचं वावडं नाही, न विचारता टाकला त्याचा राग आला. आणि आत्ता पॉलिसीचा कागद नीट बघितला तर विमा फक्त माझ्या नावावर आहे. हप्त्यात बायकोचा पगार निम्मा धरलाय, तिचं काही झालं तर यातून काहीच नाही.

---

जुनी_फाईल · शनिवार, संध्याकाळी ५:४०

सुलभाताईंचं बरोबर आहे, कव्हर असावंच. वाद कसा घ्यावा याचा आहे. प्रीमियम कर्जात मिसळला की त्यावर २० वर्षं व्याज जातं, आणि या योजनांमध्ये कव्हर बहुधा कर्जासारखंच उतरत जातं. वेगळा टर्म प्लॅन दोघांच्या नावावर घेतला तर किती पडतो हे विचारून ठेवा आणि मग ठरवा. वयावर आणि तब्येतीवर आहे ते, मी इथून आकडा सांगणार नाही.

कंपनीला एक ओळीचा ईमेल करा: 'विमा नको, सुधारित मंजुरीपत्र आणि सुधारित की फॅक्ट स्टेटमेंट द्या.' फोनवर बोलू नका. समजा पॉलिसी आधीच निघाली असेल, तर ती हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, पण तो द्राविडी प्राणायाम आहे. आत्ताच काढलेलं बरं.

आणि फी बघा. अर्धा टक्का कशावर लावलाय?

---

कळव्याचा_कारकून · शनिवार, रात्री ८:३०

अरे देवा. २४,६६० अधिक जीएसटी ४,४३९. म्हणजे ४९.३२ लाखांवर. विम्याच्या रकमेवरही प्रोसेसिंग फी! बँकेची जीएसटी धरून ११,८०० होतेय.

याशिवाय कंपनीला सुरुवातीला ५,९०० 'लॉगिन फी' दिलीय ती वेगळीच. ती या फीतून वजा होणार का, पत्रात काही नाही.

---

ऐरोली_एक्सप्रेस · शनिवार, रात्री ९:००

काकू, चूक कबूल. माझं स्वतःचं कर्ज रेपोवर आहे म्हणून मला वाटलं सगळ्यांना लागू. पण मग एक सांगा, की फॅक्टमध्ये 'एपीआर' असतं ना? त्यात सगळे खर्च धरलेले असतात म्हणे. दोन एपीआर समोरासमोर ठेवले की विषय संपला, एवढा कीस कशाला?

---

कळव्याचा_कारकून · शनिवार, रात्री ९:१०

एपीआर बँकेचा ७.६३, कंपनीचा ७.७९.

---

जुनी_फाईल · रविवार, सकाळी ८:१५

एक्सप्रेस, तुलना करायला एपीआर चांगलाच आहे. यावेळी त्यानंच चुगली केली बघा: दर पाव टक्का कमी सांगणाऱ्याचा एपीआर जास्त निघाला, कारण फी आणि विमा त्यात आले. पण तेवढ्यावर थांबू नका.

रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसले. हातात येणारे ४८ लाख, त्यातून फी वजा, आणि ३९,२८१ चे २४० हप्ते असं धरलं की बरोबर ७.७९ येतं. याचा अर्थ त्यांनी ७.३५ हाच दर पूर्ण २० वर्षं चालेल असं गृहीत धरलंय. ८.७० त्या एपीआरमध्ये नाहीच.

पडताळायला सोपं आहे. स्टेटमेंटला परतफेडीचा तक्ता जोडलेला असतो. त्यातली ३७ वी ओळ बघा. तिथेही ३९,२८१ च असेल तर माझा अंदाज खरा.

शिवाय दिवाळीचा दंड एपीआरमध्ये येत नाही. तो 'घडलं तर' लागणारा खर्च. त्याची वेगळी चौकट असते: उशिराचा दंड, मुदतपूर्व फेडीचा आकार, फ्लोटिंगवरून फिक्स्डवर जायचा आकार. तुमच्यासारख्याला ती चौकट एपीआरइतकीच महत्त्वाची.

---

कळव्याचा_कारकून · रविवार, सकाळी १०:२५

३७ वी ओळ: ३९,२८१. शेवटची २४० वी पण ३९,२८१.

एक शंका बँकेच्या पत्राबद्दल. स्प्रेड २.३५ लिहिलंय, पण पुढे 'बँक वेळोवेळी बदलू शकते' असंही आहे. मग रेपोशी जोडून काय फायदा? उद्या स्प्रेड ३ केला तर?

---

जुनी_फाईल · रविवार, सकाळी ११:५०

'वेळोवेळी' हा शब्द सगळ्याच पत्रांत असतो, पण बँकेचे हात थोडे बांधलेले आहेत. स्प्रेडमध्ये तुमच्या पतपात्रतेचा भाग असतो, तो तुमची पत बरीच बदलली तरच बदलता येतो. म्हणजे हप्ते थकले, सिबिल घसरला वगैरे. बाकीचा भाग वाढवायचा तर तीन वर्षांतून एकदाच. रेपो उतरला तर तीन महिन्यांच्या आत तुमच्यापर्यंत पोचायलाच हवा, चढला तरी तसाच.

फायनान्स कंपनीच्या पीएलआरला असा बाहेरचा खुंटा नाही. २०१९ चा तो नियम बँकांसाठी आहे. पीएलआर कंपनी स्वतः ठरवते. तुमची 'वजा ५.४०' ही सूट कायम राहील, पण १४.१० चं काय होईल ते त्यांच्या हातात.

---

कामोठेकरीण · रविवार, दुपारी १२:३०

हे मात्र अगदी खरं. आमचं कर्ज कंपनीचंच आहे. २०२५ मध्ये रेपो सव्वा टक्का उतरला, आमचा दर ०.४० उतरला. फोन केला तर म्हणाले, 'कन्व्हर्जन फी भरा, मग कमी करतो.' नव्या गिऱ्हाइकाला मात्र फलकावर आमच्यापेक्षा कमी दर!

---

दीडशहाणा · रविवार, दुपारी १:४०

मग बँकेचंच घ्या ना, अडलंय कुठे? कारकूनसाहेबांनी अजून ते सांगितलंच नाही.

---

कळव्याचा_कारकून · रविवार, दुपारी ३:१५

अडलंय शेवटच्या पानावर, कामोठेकरीणताई म्हणाल्या तिथेच. बँकेच्या पत्रात: 'वितरण कायदेशीर व तांत्रिक तपासणीच्या अधीन, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत आवश्यक.' विकणाऱ्यांकडे ओसीची प्रत नाही. सोसायटीकडे आहे म्हणतात, पण सेक्रेटरी गावाला कोकणात गेलेत आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. कंपनीला ओसी नसली तरी चालतेय, म्हणूनच मी तिकडे झुकत होतो.

---

जुनी_फाईल · रविवार, दुपारी ४:३०

ओसीशिवाय चालतंय म्हणणाऱ्याकडे झुकू नका. ती इमारतीला मिळालीच नसेल तर तो घराचा प्रश्न आहे, कर्जाचा नाही, आणि विकताना पुढचा माणूस तुम्हाला हेच विचारेल. सोसायटीच्या कमिटीतल्या दुसऱ्या कोणाला तरी गाठा, नाहीतर महापालिकेत नगररचना विभागाकडे प्रत मागता येते.

बँकेच्या पत्राची वैधता किती दिवसांची? आणि ७.६० हा पत्राच्या तारखेचा दर की वितरणाच्या दिवशीचा? बहुतेक ठिकाणी वितरणाच्या दिवशीचा असतो. मधे रेपो हलला तर तोही हलेल.

सोमवारच्या धमकीचं मनावर घेऊ नका. की फॅक्ट स्टेटमेंट दिल्यापासून किमान तीन कामकाजाचे दिवस त्या अटी खुल्या ठेवाव्याच लागतात. तुम्हाला ते कधी मिळालं?

---

कळव्याचा_कारकून · रविवार, दुपारी ४:५०

शुक्रवारी संध्याकाळी. म्हणजे शनिवार-रविवार धरला नाही तर बुधवारपर्यंत तरी आहे! बँकेचं पत्र ९० दिवस चालतं, दर मात्र 'वितरणाच्या तारखेस लागू'.

---

सुलभा_घणसोली · रविवार, संध्याकाळी ६:१०

स्टँप ड्युटीचे पैसे बाजूला ठेवा हो. तारणाच्या कागदावर ०.३ टक्के, तुमचे १४,४०० होतील. शिवाय नोटीस ऑफ इंटिमेशन तीस दिवसांत नोंदवावी लागते, तिचा खर्च वेगळा. बँक असो की कंपनी, हे चुकत नाही, आणि पत्रात फक्त 'लागू असल्यास' एवढंच असतं.

---

कळव्याचा_कारकून · मंगळवार, रात्री ९:४५

अपडेट देतो. कंपनीला ईमेल केला. तासाभरात फोन आला, मी म्हटलं लेखी द्या. संध्याकाळी सुधारित पत्र आलं: विमा काढला, मुद्दल ४८ लाख. पण दर ७.३५ चा ७.५० झालाय! म्हणे ती 'विमा घेणाऱ्या ग्राहकांसाठीची' सवलत होती. पहिल्या पत्रात अशी अट कुठेच नव्हती, दोनदा वाचलं. लॉगिन फी वजा होणार नाही म्हणून सांगितलं, तेही फोनवरच. स्थिर काळातला २ टक्के दंड तसाच.

परतफेडीचा तक्ता मात्र नवीन दिलाय. यात ३७ व्या ओळीपासून हप्ता वेगळा आहे. एपीआरही बदललाय, आता ८ च्या वर.

---

ऐरोली_एक्सप्रेस · मंगळवार, रात्री १०:०५

वर 'व्हेरिएबल' लिहून आत हायब्रिड, यावर तक्रार करता येईल का? म्हणजे योजनेच्या नावावर बोट ठेवून दंड माफ करून घ्यायचा?

---

जुनी_फाईल · मंगळवार, रात्री १०:३०

प्रयत्न करायला हरकत नाही, पण की फॅक्टमध्ये हायब्रिड आणि दंड दोन्ही लिहिलंय, त्यावर सही झाली की बाजू लंगडी पडते. सहीच्या आधी भांडलेलं बरं. विम्यामुळे दर बदलणं मला खटकतंय, पण आधीच्या पत्रावर सही नव्हती, तेव्हा ते कितपत धरून ठेवता येईल यावर दोन वकील दोन मतं देतील.

---

दीडशहाणा · मंगळवार, रात्री १०:४०

माझं मत अजूनही तेच. १५ लाख तीन वर्षांनी भरा, तोवर एफडीत ठेवा.

---

जुनी_फाईल · मंगळवार, रात्री १०:५५

एफडीच्या व्याजावर कर जातो आणि कर्जाचं व्याज साडेसातनं चढत राहतं. तीन वर्षांचा हिशोब करून बघा, ३५,४०० कधीच मागे पडतील.

---

कळव्याचा_कारकून · गुरुवार, सकाळी ८:०५

सेक्रेटरींचा फोन लागला. शनिवारी तुतारीनं ठाण्यात उतरतायत. किल्ली सोबत आणायला तीनदा सांगितलंय.